मेणलोप ओतकामाने अंगठीची घडण

मेणलोप ओतकामाने अंगठीची घडण ही दागिना बनवण्याची एक पद्धत आहे. तीत कागदावरील रेखाटनावरून प्रथम मेणाची अंगठी तयार करतात. तिच्याभोवती उष्णतारोधक साचा भरतात, आतील मेण जाळून नाहीसे करतात आणि मेणाने मोकळ्या केलेल्या पोकळीत वितळलेले सोने, चांदी किंवा प्लॅटिनम ओततात. साचा फोडून काढलेल्या खडबडीत अंगठीला कानशीने आकार देणे, तिच्यात खडा बसवणे आणि तिला झिलई देणे ही कामे त्यानंतर होतात. नमुना आणि साचा हे दोन्ही एकदाच वापरले जातात व त्या वापरातच नष्ट होतात, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य होय.

ओतलेला धातू मेणाच्या नमुन्याची हुबेहूब नक्कल करतो. नमुन्यावर राहिलेला बोटाचा ठसासुद्धा सोन्यात उतरतो. मात्र ओतल्यानंतर धातू आकसतो आणि घासताना तो झिजतो. त्यामुळे मेणाची अंगठी तयार अंगठीच्या मापाची असून चालत नाही. पुढच्या प्रत्येक टप्प्यावर किती घट येणार याचा अंदाज घेऊन तिची मापे आधीच ठरवावी लागतात. प्रस्तुत लेखात पाच मिलिमीटर व्यासाचा एकच गोल हिरा असलेल्या १८ कॅरेट पिवळ्या सोन्याच्या अंगठीचे उदाहरण घेऊन ही प्रक्रिया दिली आहे.

## पूर्वपीठिका

संस्कृत ग्रंथांत या पद्धतीला मधूच्छिष्टविधान म्हटले आहे. मधूच्छिष्ट म्हणजे मध काढून घेतल्यावर उरणारे मेण. मोहेंजोदडो येथे सापडलेली नर्तकीची कांस्यमूर्ती याच पद्धतीने ओतलेली आहे. मध्य भारतातील ढोकरा ओतकामात ही परंपरा आजही चालू आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर असलेल्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात मूर्तीच्या ओतकामाचे वर्णन आले आहे. मेणाच्या वजनाच्या बारापट चांदी आणि सोळापट सोने घ्यावे, असे प्रमाण त्यात सांगितले आहे. आजचा कारागीर करतो तो हिशेबही यापेक्षा फारसा वेगळा नाही.

आधुनिक काळात ही पद्धत दंतवैद्यकाच्या वाटेने दागिन्यांकडे आली. शिकागो येथील दंतवैद्य विल्यम टॅगर्ट यांनी दातातील सोन्याच्या भरणासाठी १९०७ मध्ये ती प्रचारात आणली. पुढे रबराच्या साच्यातून एकाच नमुन्याच्या अनेक मेणप्रती काढण्याची युक्ती रूढ झाली आणि कारखान्यांतून अंगठ्यांचे घाऊक ओतकाम शक्य झाले.

## रेखाटन आणि मापे

रेखाटनाचे काम खड्यापासून सुरू होते. खडा बदलता येत नाही, धातू मात्र हवा तसा घडवता येतो. म्हणून अंगठीची सर्व मापे खड्याच्या मापावरून ठरतात. उदाहरणातील हिऱ्याचा व्यास ५ मिलिमीटर आणि उंची सुमारे ३ मिलिमीटर आहे. अशा हिऱ्याचे वजन साधारण अर्धा कॅरेट, म्हणजे ०.१ ग्रॅम भरते. येथे कॅरेट हे वजनाचे माप आहे. सोन्याच्या बाबतीत तोच शब्द शुद्धता दाखवतो. १८ कॅरेट सोन्याच्या चोवीस भागांत अठरा भाग शुद्ध सोने असते आणि उरलेले सहा भाग बहुधा तांबे व चांदी यांचे असतात.

अंगठी वरून, समोरून आणि बाजूने कशी दिसेल, अशी तीन चित्रे काढतात. यांपैकी बाजूचे चित्र सर्वांत महत्त्वाचे असते. गोल हिऱ्याचा कडेखालचा निमुळता भाग दोन मिलिमीटरांहून थोडा अधिक खोल असतो. त्याचे टोक बोटाला टोचू नये, तसेच अंगठी टेकवताच ते आपटू नये, यासाठी हिऱ्याची कड बोटापासून किमान पावणेतीन मिलिमीटर उंचीवर असावी लागते. केवळ वरून काढलेल्या सुंदर चित्रात ही उंची दिसत नाही. अंगठी तयार झाल्यावर खडा खाली उतरवण्यास जागा नाही हे लक्षात आले, तर काम पुन्हा मेणापासून करावे लागते.

उदाहरणातील तयार अंगठीची मापे अशी धरली आहेत : आतील व्यास १७.२ मिलिमीटर, म्हणजे आतील घेर सुमारे ५४ मिलिमीटर. पट्टीची रुंदी २.२ मिलिमीटर आणि जाडी १.६ मिलिमीटर. हिऱ्याला चार बाजूंनी धरणाऱ्या नख्या, ज्यांना कारागीर प्राँग म्हणतात, प्रत्येकी सुमारे एक मिलिमीटर जाडीच्या.

## मेणाचा नमुना

कोरकामाचे मेण मेणबत्तीच्या मेणासारखे मऊ नसते. ते कडक असते. त्याला करवतीने कापता येते, कानशीने घासता येते आणि बारीक छिद्रही पाडता येते. अंगठीसाठी हे मेण पोकळ नळीच्या रूपात मिळते. नळीचा एक काप करवतीने काढून घेतात आणि निमुळत्या पातीने आतील छिद्र हव्या त्या मापापर्यंत मोठे करतात. छिद्राचे माप पक्के झाल्याशिवाय बाहेरच्या आकाराला हात लावायचा नाही, असा नियम आहे. बाहेरची पट्टी आधी घडवली आणि मग छिद्र मोठे केले, तर पट्टी पातळ होते.

यानंतर कंपासाने मेणावर मध्यरेषा आखून रुंदी व उंचीच्या खुणा करतात. जास्तीचे मेण आधी करवतीने, मग कानशीने आणि शेवटी बारीक कोरणीने काढतात. कुठे चूक झालीच, तर तापवलेल्या सुईने मेणाचा थेंब सोडून तो भाग पुन्हा भरता येतो. धातूत तीच दुरुस्ती महाग आणि अवघड ठरते. म्हणून अनुभवी कारागीर मेणावर अधिक वेळ घालवतो. निळे किंवा हिरवे मेण दिव्यासमोर धरले की पातळ झालेला भाग उजळ दिसतो. अंदाज घेण्यास ही युक्ती पुरेशी असते, पण जाडी मात्र मापकानेच तपासतात.

### मापांतील वाढ

मापांतील फरकाची कारणे दोन आहेत. वितळलेले सोने घट्ट होऊन थंड होताना आकसते. ही घट लांबीत साधारण दीड टक्का धरतात. दुसरे कारण घासकामाचे. कानस, पॉलिशपेपर आणि झिलई मिळून प्रत्येक पृष्ठावरून सुमारे ०.०५ मिलिमीटर धातू जातो.

पट्टीच्या जाडीवर या दोन्ही गोष्टींचा परिणाम एकाच दिशेने होतो. १.६ मिलिमीटर जाडी हवी असेल, तर घासण्यापूर्वी ती १.७ मिलिमीटर असावी लागते आणि त्यासाठी मेणातील जाडी सुमारे १.७३ मिलिमीटर ठेवावी लागते. आतील छिद्राच्या बाबतीत मात्र हे दोन परिणाम परस्परविरोधी असतात. धातू आकसल्याने छिद्र लहान होते, तर आतून घासल्याने ते मोठे होते. १७.२ मिलिमीटर व्यास मिळवण्यासाठी ओतलेल्या अंगठीचा व्यास १७.१ मिलिमीटर आणि मेणाचा व्यास सुमारे १७.३६ मिलिमीटर असावा लागतो. या दोन हिशेबांची गल्लत करून छिद्राचे माप हवे त्याहून मोठे ठेवणे, ही नवख्या कारागिराची नेहमीची चूक असते. अंगठी थोडी लहान झाली तर ती आतून घासून किंवा ताणून बसवता येते. मोठी झाली तर मात्र पट्टी कापून पुन्हा डाग द्यावा लागतो.

ही मापे एका हाताने कोरलेल्या नमुन्यावरून थेट ओतकाम करण्याची आहेत. मूळ नमुन्यावरून रबराचा साचा आणि त्यातून मेणप्रती काढायच्या असतील, तर रबर व मेण यांचेही आकसणे मोजावे लागते आणि मूळ नमुना आणखी काही टक्के मोठा ठेवावा लागतो.

### वजनाचा हिशेब

मेणाची घनता पाण्याच्या जवळपास असते, तर १८ कॅरेट पिवळ्या सोन्याची घनता पाण्याच्या सुमारे साडेपंधरापट असते. म्हणून मेणाचे वजन साडेपंधराने गुणले की ओतलेल्या अंगठीचे वजन कळते. चांदीसाठी हा गुणक सुमारे साडेदहा, तर २२ कॅरेट सोन्यासाठी साडेसतराच्या आसपास असतो.

उदाहरणातील मेणाची अंगठी ०.२१ ग्रॅम भरते. त्यावरून ओतलेल्या अंगठीचे वजन सुमारे ३.२५ ग्रॅम येते. घासकामात साधारण दहावा भाग गेल्यावर तयार अंगठीत सुमारे २.९५ ग्रॅम सोने उरते. हिऱ्यासह तिचे वजन ३.०५ ग्रॅमच्या आसपास होते. हा आकडा सोने वितळवण्यापूर्वीच हाती येतो. ग्राहकाला अंगठी अडीच ग्रॅमचीच हवी असेल, तर मेण आतल्या बाजूने पोखरून वजन घटवण्याची हीच वेळ असते. पट्टी किती पातळ करता येईल याला मर्यादा आहे. एक मिलिमीटरहून पातळ पट्टी रोजच्या वापरात वाकते आणि पट्टी वाकली की प्राँगही फाकतात.

## साचा

मेणाच्या अंगठीला मेणाचीच एक जाड काडी चिकटवतात. पुढे मेण याच वाटेने बाहेर पडते आणि सोने याच वाटेने आत येते. या काडीला कारागीर स्प्रू म्हणतात. ती कुठे जोडली आहे यावर ओतकामाचे यश बरेचसे अवलंबून असते. घट्ट होताना आकसणारा धातू शेजारच्या अजून पातळ असलेल्या धातूतून आपली तूट भरून काढतो. त्यामुळे अंगठीचे बारीक भाग आधी, जाड भाग नंतर आणि स्प्रू सर्वांत शेवटी घट्ट व्हावा लागतो. यासाठी स्प्रू अंगठीच्या सर्वांत जाड भागाला, बहुधा प्राँगच्या समोरच्या बाजूला, जोडतात आणि त्याची जाडी त्या भागाहून अधिक, म्हणजे अडीच ते तीन मिलिमीटर ठेवतात. स्प्रू बारीक असेल तर तो आधी गोठतो, अंगठीला मिळणारा पुरवठा तुटतो आणि जोडाजवळ आतून पोकळ्या राहतात.

हे मेण रबराच्या बैठकीवर उभे करून त्यावर पोलादी नळकांडे ठेवतात. त्यात जिप्सम आणि सिलिका यांच्या पुडीचे पाण्यात कालवलेले मिश्रण ओततात. शंभर ग्रॅम पुडीला सुमारे ४० मिलिलिटर पाणी लागते. पाणी अंदाजाने घालत नाहीत. ते जास्त झाले तर साचा भुसभुशीत होतो आणि कमी झाले तर मिश्रण बारीक कोपऱ्यांत शिरत नाही. कालवल्यापासून सुमारे नऊ मिनिटांत सर्व काम संपवावे लागते, कारण त्यानंतर मिश्रण घट्ट होऊ लागते. या अवधीत निर्वात पंपाखाली ठेवून मिश्रणातील हवा काढून टाकतात. मेणाला चिकटून राहिलेला हवेचा प्रत्येक बुडबुडा पुढे सोन्याचा मणी होऊन अंगठीवर उगवतो.

सिलिकेची धूळ श्वासावाटे वर्षानुवर्षे फुप्फुसांत गेल्यास सिलिकोसिस हा बरा न होणारा आजार जडतो. म्हणून पूड कालवताना आणि जुना साचा फोडताना धूळ रोखणारा मुखपट्टा वापरणे आवश्यक असते.

## मेण जाळणे

साचा सुमारे दोन तास स्थिर राहू दिल्यावर भट्टीत उपडा ठेवतात. प्रथम १५० अंश सेल्सिअसच्या आसपास ओल निघून जाते आणि बहुतेक मेण वितळून बाहेर वाहते. तापमान घाईने वाढवले तर आतील पाण्याची वाफ होऊन साच्याला तडे जातात. या तड्यांत शिरलेले सोने अंगठीच्या कडेला पातळ पंखासारखे दिसते.

पुढे तापमान टप्प्याटप्प्याने सुमारे ७३० अंशांपर्यंत नेऊन तेथे तीन तास टिकवतात. साच्यात शोषला गेलेला मेणाचा अंश या उष्णतेत कोळसा होऊन जळून जातो. आतला भाग करडा दिसत असेल तर कोळसा शिल्लक आहे आणि तो पांढरा झाला की साचा स्वच्छ झाला, असे समजतात. तापमान यापेक्षा फार वाढवणेही घातक असते. उरलेल्या कोळशाच्या सान्निध्यात जिप्समचे विघटन होते, त्यातून गंधकयुक्त वायू सुटतो आणि तो सोन्यात अडकून बारीक छिद्रे पाडतो. शेवटी साचा साडेपाचशे अंशांच्या आसपास उतरवून ओतकामासाठी तयार ठेवतात. ही सर्व क्रिया बहुधा रात्रभर चालते.

## धातू ओतणे

सोने मुशीत वितळवतात. अंगठी ३.२५ ग्रॅमची असली, तरी तेवढेच सोने घेऊन भागत नाही. उदाहरणात स्प्रूसह मेणाचे वजन ०.३८ ग्रॅम आहे. त्यासाठी सुमारे ५.९ ग्रॅम सोने लागते. याखेरीज स्प्रूच्या मुखाशी धातूचा एक गोळा शिल्लक राहावा लागतो. तो सर्वांत शेवटी गोठतो आणि आपल्या वजनाने व उष्णतेने आतला पुरवठा चालू ठेवतो. त्यासाठी आणखी चार ग्रॅम धरले, तर तीन ग्रॅमच्या एका अंगठीसाठी दहा ग्रॅम सोने वितळवावे लागते. उरलेले सोने कापून परत घेतात. ते पुन्हा वापरताना निदान अर्धे नवे सोने मिसळतात, कारण वारंवार वितळवलेल्या धातूत अशुद्धी साठत जाते. अनेक अंगठ्या एकत्र ओतायच्या असतील, तर एका मध्यवर्ती मेणकाडीभोवती त्या फांद्यांसारख्या जोडून मेणाचे झाड तयार करतात. त्यामुळे शिल्लक सोन्याचे प्रमाण कमी होते.

१८ कॅरेट पिवळे सोने साधारण ९०० अंशांच्या थोडे पुढे पूर्ण वितळते, पण ओतण्यासाठी ते सुमारे हजार अंशांपर्यंत तापवतात. तापमान कमी असेल तर प्राँगची टोके भरण्यापूर्वीच धातू गोठतो. ते अति असेल तर धातू अधिक वायू शोषून घेतो आणि साच्याच्या भिंतींशी त्याची रासायनिक क्रिया होते. वितळलेले सोने स्वतःच्या वजनाने बारीक पोकळीत शिरत नाही. त्याला जोर द्यावा लागतो. छोट्या कार्यशाळांत स्प्रिंगने गरगर फिरणाऱ्या यंत्राच्या केंद्रोत्सारी बलाने सोने आत ढकलले जाते. मोठ्या कारखान्यांत साच्याच्या खालून हवा ओढून घेतात. ओतण्याचे प्रत्यक्ष काम काही क्षणांत संपते.

सोन्याच्या गोळ्याची लाली पूर्णपणे गेल्यावर साचा पाण्यात बुडवतात. गरम साचा फसफसत फुटतो आणि काळपट अंगठी बाहेर येते. ती कोमट सौम्य गंधकाम्लात ठेवली की पृष्ठावरील तांब्याचा ऑक्साइड निघून जातो. या द्रावणात लोखंडी चिमटा बुडवू नये, असा दंडक आहे. लोखंड आत गेल्यास द्रावणातील तांबे सुटून अंगठीवर त्याचा लालसर मुलामा बसतो.

## घासकाम

स्प्रू कापून उरलेला खुंट कानशीने पट्टीशी सपाट करतात. निमुळत्या गोल लोखंडी दांड्यावर अंगठी चढवून लाकडी किंवा चामडी हातोडीने ती पूर्ण गोल करतात आणि माप तपासतात. त्यानंतर ४०० क्रमांकाच्या पॉलिशपेपरपासून ६००, ८०० आणि १२०० पर्यंत क्रमाने जात पृष्ठ गुळगुळीत करतात. प्रत्येक नवा कागद आधीच्या कागदाच्या ओरखड्यांना आडवा चालवतात. आधीचे ओरखडे पूर्ण गेले की नाही हे त्यामुळे लगेच दिसते. एखादा टप्पा गाळला, तर राहिलेला खोल ओरखडा शेवटच्या झिलईत नाहीसा होत नाही, उलट अधिक चमकून दिसतो.

प्राँगच्या आतील बाजू आणि खड्याखालची जागा याच वेळी चकचकीत करून घ्यावी लागते. खडा बसल्यावर तेथे दोरासुद्धा पोहोचत नाही. खडा न बसवता अंगठीला एकदा जवळजवळ पूर्ण झिलई देण्यामागे हेच कारण आहे.

घासकामात पडलेला सोन्याचा कीस वाया जाऊ देत नाहीत. कारागिराच्या मेजाखाली चामडी झोळी बांधलेली असते. जमिनीवरची धूळ, हात धुतलेले पाणी आणि वापरलेले पॉलिशपेपर हेही साठवून त्यांतील सोने परत मिळवतात. सराफपेठेतील अशा केरातून सोने वेगळे काढण्याचा व्यवसाय करणाऱ्यांना मराठीत झारेकरी म्हणतात.

## खडा बसवणे

जडकामात हिरा चिकटवत नाहीत. तो धातूच्या खाचांत यांत्रिक रीतीने अडकवलेला असतो. चार प्राँगमध्ये हिरा वरून ठेवला असता त्याची कड प्रत्येक प्राँगच्या साधारण अर्ध्या जाडीपर्यंत यावी लागते. ती प्राँगच्या आतच मावत असेल तर खाच पाडण्यास धातू उरत नाही. ती पूर्ण बाहेर जात असेल तर प्राँग बाहेर वाकवावे लागतात आणि त्यांचे मूळ दुबळे होते.

कंपासाने चारही प्राँगवर एकाच उंचीवर खूण करतात. तेथे हिऱ्याच्या कडेच्या कोनाशी जुळणाऱ्या फिरत्या दातेरी हत्याराने खाच पाडतात. खाचेची खोली प्राँगच्या जाडीच्या एक तृतीयांशाएवढी पुरते आणि ती अर्ध्याहून अधिक कधीच नसावी. चारांपैकी एक खाच जरी किंचित वर राहिली, तरी हिरा कलतो. मग तो सरळ करण्यासाठी उंच प्राँगवर जोर दिला जातो आणि सगळा ताण हिऱ्याच्या एकाच बिंदूवर येतो.

हिरा सर्वांत कठीण पदार्थ असला तरी तो अभंग नाही. कठीणपणा म्हणजे ओरखडा न पडणे. विशिष्ट दिशांनी आघात झाल्यास हिरा दुभंगतो आणि त्याची पातळ कड सहज टवकते. म्हणून खाचेत हिरा बसल्यावर एक प्राँग पूर्ण वाकवून मग दुसऱ्याकडे जात नाहीत. समोरासमोरचे दोन प्राँग थोडे थोडे दाबतात, मग उरलेले दोन, आणि पुन्हा पहिले. शेवटी प्राँगची टोके कापून वाटीच्या आकाराच्या हत्याराने गोल करतात.

बसवलेला हिरा तपासण्याच्या रीती साध्या आहेत. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून पाहिल्यास प्राँग आणि हिरा यांच्यामध्ये फट दिसू नये. बारीक चिमट्याने कडेला हलकेच ढकलल्यास हिरा फिरू नये. रेशमी कापडावरून अंगठी फिरवली असता धागा प्राँगखाली अडकू नये. धागा अडकला, तर पुढे कपडे किंवा केस अडकून तोच प्राँग उचलला जाईल, असा त्याचा अर्थ होतो.

प्राँगसाठी १८ कॅरेट सोने निवडण्याचे कारणही येथेच आहे. २२ कॅरेट सोने मऊ असल्याने बारीक प्राँग वापरात हळूहळू फाकतात. महाराष्ट्रातील पारंपरिक २२ कॅरेट दागिन्यांत खडे बहुधा चारही बाजूंनी बंद असलेल्या कोंदणात बसवलेले आढळतात. मऊ धातूला ती रचना अधिक मानवते.

## झिलई

अंतिम झिलई फिरत्या कापडी चाकावर दोन टप्प्यांत देतात. पहिल्या टप्प्यातील ट्रिपोली नावाची मेणयुक्त पूड बारीक ओरखडे कापून काढते. दुसऱ्या टप्प्यातील रूज, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडची अतिसूक्ष्म तांबडी पूड, चमक आणते. एका टप्प्याचे चाक दुसऱ्यासाठी वापरत नाहीत आणि मधल्या वेळी अंगठी धुतात. ट्रिपोलीचा एखादा कण रूजच्या चाकावर गेला, तरी तो नवे ओरखडे पाडतो. चाकावर अंगठी फार वेळ धरल्यास कडा बोथट होतात आणि आधीच गोल केलेले प्राँग झिजतात.

खड्याखाली साचलेला मळ श्राव्यातीत ध्वनिलहरींच्या पाण्यात किंवा वाफेच्या झोताने काढतात. हिऱ्याला याने अपाय होत नाही. पाचू, ओपल आणि मोती यांना मात्र ही रीत वर्ज्य आहे. पाचूतील नैसर्गिक भेगा त्यामुळे वाढू शकतात. या धुण्यात एखादा हिरा हलू लागला, तर तो मुळात सैलच बसला होता. म्हणून धुतल्यानंतर सर्व प्राँग पुन्हा एकदा तपासतात.

## दोष आणि त्यांची ओळख

ओतकामातील सर्वांत त्रासदायक दोष म्हणजे सच्छिद्रता. वरून अखंड दिसणारी अंगठी झिलई देताना पृष्ठाचा पातळ थर गेला की अचानक बारीक छिद्रे दाखवू लागते. छिद्रांच्या आकारावरून कारण ओळखता येते. सर्वत्र विखुरलेली गोल छिद्रे वायूमुळे पडतात. धातू अति तापला किंवा मेण पुरते जळले नाही, असे त्यांवरून समजते. स्प्रूच्या जोडाजवळ किंवा जाड भागात एकवटलेल्या वेड्यावाकड्या, फांद्याफांद्यांच्या पोकळ्या आकसण्यामुळे येतात. त्यांवर भट्टीचे तापमान बदलण्याचा उपयोग नसतो. स्प्रूची जाडी आणि जागा बदलावी लागते.

एखादे सुटे छिद्र लेसर यंत्राने त्याच सोन्याची तार वितळवून भरता येते. छिद्रे प्राँगच्या मुळाशी असतील, तर ती बुजवून अंगठी पुढे पाठवणे धोक्याचे असते. तेथे धातूचा छेद मुळातच एक मिलिमीटर आहे आणि खाचेने तो आणखी कमी झालेला असतो. अशा प्राँगवरची झिलई निर्दोष दिसते, पण एखाद्या साध्या धक्क्याने तो तुटतो आणि सोन्यापेक्षा कित्येक पट किमतीचा हिरा हरवतो. अशा वेळी अंगठी वितळवून नव्या मेणापासून आरंभ करणे हाच योग्य मार्ग मानतात. काही कारागीर हा धोका टाळण्यासाठी पट्टी ओततात, परंतु प्राँग मात्र ओढलेल्या तारेचे करून डागाने जोडतात. ओढण्याच्या क्रियेत तारेचा धातू दाबला जाऊन अधिक घट्ट व चिवट होतो.

## शुद्धतेची खूण

भारतात सोन्याच्या दागिन्यांवरील हॉलमार्क १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने अनिवार्य करण्यात आला. दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्यांना त्यातून सूट आहे. उदाहरणातील अंगठीवर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह, १८ कॅरेटची ७५० ही शुद्धता आणि सहा अक्षर-अंकांचा स्वतंत्र ओळख क्रमांक उमटवलेला असतो. हा हॉलमार्क केवळ सोन्याच्या शुद्धतेची ग्वाही देतो. ओतकाम सच्छिद्र आहे काय किंवा खडा पक्का बसला आहे काय, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी भिंगातून प्राँग पाहणे हाच उपाय आहे. रोज वापरल्या जाणाऱ्या अंगठीचे प्राँग कपड्यांवर घासून झिजत असल्याने ही तपासणी वर्षातून एकदा करून घेणे इष्ट असते.